जेट स्ट्रीम पूर्वेकडे वाहते, मग उष्णता उत्तरेला कशी पोचते?

*प्रश्न: मी सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सागरी प्रवाह आणि जेट स्ट्रीम हे पृथ्वीवरची उष्णता वाहून नेणारे पट्टे आहेत, असं वर्गात सांगत होते. एका मुलीने विचारलं, "बाई, जेट स्ट्रीम तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. मग विषुववृत्ताकडची उष्णता ध्रुवाकडे कशी जाते?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय आमच्यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्रच पाहिलेला नाही. हे कसं समजावू?*

तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर लाल बाण आणि निळे बाण असतात, आणि बाण जिकडे जातो तिकडेच उष्णता जाते असं आपण गृहीत धरतो. मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. खरी गोष्ट बाणाच्या दिशेत नसते. जाताना काय नेलं आणि परत येताना काय आणलं, या दोन्हींतल्या फरकात ती असते. एवढी एक कल्पना वर्गात नीट रुजली की समुद्र आणि हवा दोन्ही एकाच हिशेबाने समजतात.

त्यासाठी समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही. आपल्या बाजार समितीचं आवार पुरेसं आहे. हिवाळ्यात कांद्याच्या गाड्या आत येतात, माल उतरवतात आणि परत जातात. मुलांना विचारा, दिवसभरात जितक्या गाड्या आत आल्या तितक्याच बाहेर गेल्या, तर आवारात काय वाढलं? गाड्या वाढल्या नाहीत, कांदा वाढला. आता दुसरा प्रश्न विचारा. गाडी भरून आली आणि तशीच भरलेली परत गेली, तर? मग ती कितीही वेगात धावली तरी बाजारात काहीच पोचलं नाही. हा दुसरा प्रश्न सोडू नका, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

हवा आणि पाणी यांचंही असंच आहे. एखाद्या अक्षवृत्तावरून जितकं पाणी उत्तरेला जातं, जवळपास तितकंच दक्षिणेला परत यावं लागतं, नाहीतर एका बाजूला समुद्र चढत जाईल. हवेचंही तेच. म्हणजे गाड्यांचा हिशेब नेहमी जुळलेला असतो. गाडी भरून गेली आणि रिकामी आली की उष्णता पोचली. आपलं सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे. या पट्ट्यात वर्षभरात सूर्याकडून जितकी ऊर्जा येते त्यापेक्षा कमी अवकाशात परत जाते. साधारण 35 ते 40 अंशांच्या पलीकडे उलटं होतं, तिथे खर्च जास्त आणि जमा कमी. इकडचं जास्तीचं तिकडे पोचवण्याचं काम या गाड्यांचं.

आधी समुद्राचा हिशेब घ्या, कारण तो आकड्यांत मांडता येतो आणि मुलांना येणाऱ्या सूत्रातच बसतो. अटलांटिक महासागरात फ्लोरिडाच्या बाजूने गल्फ प्रवाह उत्तरेला जातो. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून दर सेकंदाला साधारण 3 कोटी 20 लाख घनमीटर पाणी जातं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात त्याच्या पंचवीसपट तरी. पण या पाण्यातलं सुमारे निम्मं अटलांटिकमध्ये मोठा वळसा घालून वरच्या थरांतूनच दक्षिणेला परत येतं, आणि येताना ते बरंचसं उबदारच असतं. ही भरलेली परत आलेली गाडी. तिच्यामुळे फारशी उष्णता उत्तरेला जात नाही.

उरलेलं सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी मात्र पार उत्तरेला, ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या बाजूपर्यंत जातं. वाटेत ते आपली ऊब वरच्या थंड, कोरड्या वाऱ्यांना देऊन टाकतं. थंड झालेलं खारट पाणी जड होतं, खाली बुडतं आणि दोन-तीन किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परत येतं. जाताना वरच्या थराचं सरासरी तापमान साधारण 18-19 अंश धरा आणि परत येताना 3-4 अंश. फरक झाला 15 अंशांचा. आता फळ्यावर मांडा:

```
Q = m × c × ΔT
m  = 1.7 × 10^7 घनमीटर × 1000 किग्रॅ = 1.7 × 10^10 किग्रॅ (दर सेकंदाला)
c  ≈ 4000 ज्यूल प्रति किग्रॅ प्रति अंश
ΔT ≈ 15 अंश
Q  ≈ 1.0 × 10^15 ज्यूल (दर सेकंदाला)
```

एकावर पंधरा शून्यं इतके वॅट. फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प 1320 मेगावॅटचा आहे. तसे साडेसात लाख प्रकल्प एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालू ठेवले तर एवढी शक्ती होईल. 2004 पासून 26.5 उत्तर अक्षवृत्तावर, बहामाजपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, समुद्रात दोरखंडांना उपकरणं बांधून हा प्रवाह सतत मोजला जातो. त्या मोजणीत सरासरी 1.2 × 10^15 वॅटच्या आसपास उत्तर येतं. आपण तापमानं ढोबळ धरली आणि वरच्या वर फिरणाऱ्या निम्म्या पाण्याचा छोटा वाटा सोडून दिला, तरी एका फळ्यावरच्या गुणाकारात आपण खऱ्या मोजणीच्या इतक्या जवळ जातो. मुलांना हे सांगाच. वहीतलं सूत्र महासागरावर चालतं हे पाहून वर्ग गप्प होतो, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. जेट स्ट्रीम आधी कुठून येते ते पाहू.

सोलापूरवर हवेचा एक उंच खांब उभा आहे अशी कल्पना करायला सांगा आणि दुसरा खांब श्रीनगरवर. जानेवारीत आपला खांब उबदार, म्हणून फुगलेला. श्रीनगरचा थंड, म्हणून आखडलेला. जमिनीवर दोन्हींचा दाब सारखाच धरला तरी दहा किलोमीटर उंचीवर काय होईल? आपला खांब उंच असल्याने तिथे आपल्या डोक्यावर अजून बरीच हवा शिल्लक आहे, श्रीनगरच्या डोक्यावर कमी. म्हणजे त्या उंचीवर दक्षिणेकडे दाब जास्त आणि उत्तरेकडे कमी. हवा उत्तरेला निघते. पण पृथ्वी फिरते आहे, म्हणून उत्तर गोलार्धात वाहणारी हवा उजवीकडे वळत जाते आणि शेवटी सरळ पूर्वेकडे वाहू लागते. हीच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ती हिमालयाच्या दक्षिण कडेने, उत्तर भारतावरून जाते आणि तिचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असणं नेहमीचं आहे.

म्हणजे जेट स्ट्रीम ही तापमानातल्या फरकाची संतती आहे. ती जोपर्यंत सरळ पूर्वेला वाहते तोपर्यंत ती उत्तरेला काहीच पोचवत नाही. तुमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे, आणि तसं तिला वर्गासमोर सांगा. गाडी बाजाराच्या फाटकासमोरून हायवेने सरळ निघून गेली, तर आत माल कसा येणार?

पण ती फार काळ सरळ राहू शकत नाही. दक्षिण-उत्तर तापमानातला फरक वाढत गेला की प्रवाहाला वळणं पडतात, नदीला पडतात तशी. एका बाजूला तो उत्तरेकडे झुकतो, पुढे दक्षिणेकडे खाली येतो. उत्तरेकडे जाणाऱ्या अंगाने दक्षिणेची उबदार, दमट हवा वर ओढली जाते. दक्षिणेकडे येणाऱ्या अंगाने उत्तरेची थंड, कोरडी हवा खाली उतरते. हवा दोन्हीकडे सारखीच गेली, पण गेलेली उबदार होती आणि आलेली थंड. गाडी भरून गेली, रिकामी आली. उष्णता पोचवण्याचं काम ही वळणं आणि त्यांच्यासोबत जमिनीलगत फिरणारे भोवरे करतात. जेट ही त्यांना जन्म देणारी आणि वाट दाखवणारी पूर्वेकडची धार.

फळ्यावर हे काढताना एक चूक हमखास होते, मीही केली आहे. आपण नुसती नागमोडी रेघ काढतो आणि म्हणतो, बघा उत्तरेला गेली. हुशार मूल लगेच म्हणतं, "पण ती परत आली की!" म्हणून रेघेच्या वर चढणाऱ्या भागाला लाल आणि उतरणाऱ्या भागाला निळा खडू वापरा, आणि उत्तरेच्या टोकाजवळ लालाचा निळा कसा झाला हे थांबून सांगा. तिथे हवेतली वाफ ढग होऊन पडली, उष्णता बाहेर निघाली, हवा थंड प्रदेशावरून फिरताना अवकाशात ऊब गमावून बसली. लाल हवा लालच परत आली तर हिशेब शून्य.

वाफेचा मुद्दा सोलापूरच्या मुलांना दोन मिनिटांत कळतो, कारण एप्रिलमध्ये प्रत्येकाच्या घरी माठ आणि बऱ्याच घरी कूलर असतो. पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जातं. ती उष्णता नष्ट झालेली नसते, वाफेत दडलेली असते. विज्ञानाच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटलंय. एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की सुमारे 2500 ज्यूल बाहेर पडतात, आणि तेवढ्यात एक किलो हवा जवळजवळ अडीच अंशांनी तापते. म्हणून दमट हवेची गाडी तापमापकावर दिसते त्याहून बरीच जास्त भरलेली असते. तापमानाच्या नकाशावर हा माल दिसत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

या सगळ्याची बेरीज केली तर 40 अंश उत्तरेच्या आसपास ध्रुवाकडे जाणारी उष्णता 5 ते 6 × 10^15 वॅट भरते आणि तिच्यातला तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा हवेचा असतो. समुद्राचा वाटा उष्ण कटिबंधात, 15-20 अंशांच्या आसपास, सगळ्यात जास्त असतो. पुढे तो आपला माल हवेच्या ताब्यात देत जातो. नकाशावर सागरी प्रवाह ठळक छापलेले असतात आणि हवेचे भोवरे छापताच येत नाहीत, कारण ते रोज जागा बदलतात. त्यामुळे मुलांच्या मनात समुद्राचा वाटा नेहमी फुगलेला राहतो.

इथेच ते प्रसिद्ध वाक्य तपासायला घ्या: "गल्फ प्रवाहामुळे युरोप उबदार आहे." नॉर्वेतलं बर्गेन 60 अंशांवर आहे, तरी जानेवारीत तिथलं सरासरी तापमान शून्याच्या थोडं वरच असतं. समोर कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरचं नेन त्याहून दक्षिणेला, साडेछप्पन अंशांवर आहे, आणि तिथे जानेवारीची सरासरी उणे 15 च्याही खाली जाते. आपण म्हणतो, एका बाजूला उष्ण प्रवाह, दुसऱ्या बाजूला शीत प्रवाह, उत्तर मिळालं. आता मुलांना पॅसिफिककडे न्या. रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्लादिवोस्तोक 43 अंशांवर, जानेवारीत उणे 12 च्या आसपास. त्याच अक्षवृत्तावर अमेरिकेचा पश्चिम किनारा, ओरेगॉन, शून्याच्या चांगलाच वर. आणि पॅसिफिकच्या उत्तरेला अटलांटिकसारखं पाणी खोल बुडून परत येणारं चक्र नाही. तरी खंडाचा पश्चिम किनारा उबदार आणि पूर्व किनारा गारठलेला, हे चित्र तिथेही तसंच.

कारण या अक्षवृत्तांत वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिम किनाऱ्यावर तो समुद्रावरून येतो आणि समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली ऊब सोबत आणतो. पूर्व किनाऱ्यावर तो थिजलेल्या जमिनीवरून येतो. त्यात रॉकी पर्वताने वरच्या वाऱ्यांना जे वळण दिलं आहे त्यामुळे अटलांटिकच्या अमेरिकेकडच्या बाजूला थंड हवा खाली येते आणि युरोपकडे नैर्ऋत्येची उबदार हवा जाते. 2002 मध्ये रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपांवरून दाखवलं की युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यातला हिवाळी फरक मुख्यतः या दोन गोष्टींनी पडतो आणि सागरी प्रवाहांचा वाटा त्यात लहान आहे. सगळ्या समुद्रशास्त्रज्ञांना हे जसंच्या तसं मान्य नाही, आणि नॉर्वेच्या उत्तरेकडचा समुद्र गोठत नाही याचं श्रेय प्रवाहालाच जातं. वर्गात मी एवढंच म्हणते: प्रवाह समुद्रात ऊब भरतो, वारा ती जमिनीवर आणतो, आणि वाऱ्याची दिशा बदलली तर तोच प्रवाह किनाऱ्याच्या काही कामाचा नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेमकं हेच दिसतं.

प्रयोग करायचा असेल तर एक आहे, शिकागो विद्यापीठात डेव्ह फुल्ट्झ यांनी 1950 च्या दशकात भांड्यात पाणी फिरवून केला त्याच धर्तीचा. सपाट बुडाचं साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचं पातेलं, केक सजवायचं लोखंडी फिरतं स्टँड आणि मधोमध ठेवायला बर्फाने भरलेला, वजन ठेवून दाबलेला स्टीलचा डबा. पातेल्यात सात-आठ सेंटिमीटर पाणी. डबा म्हणजे ध्रुव, पातेल्याची कड म्हणजे विषुववृत्त. फिरवण्यासाठी रोबोटिक्सच्या सामानात मिळणारी गिअरची मोटर घ्या. तिचं सात सेंटिमीटरचं रबरी चाक स्टँडच्या कडेला टेकवलं की 30 आरपीएमची मोटर तीस सेंटिमीटरच्या स्टँडला मिनिटाला सुमारे सात फेरे देते, 60 ची मोटर चौदा.

आधी अगदी सावकाश, मिनिटाला एखादाच फेरा, असं करून पाहा. त्यासाठी मोटरला कमी व्होल्टेज द्या. बुडाशी पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन खडे टाका. जांभळी रेघ डब्याकडून कडेकडे सरकते आणि फिरण्याच्या दिशेच्या उलट वळते. हे आपले व्यापारी वारे. मग वेग सात ते दहा फेऱ्यांवर न्या, दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका, आणि डब्याजवळ निळा, कडेजवळ लाल खाद्यरंग थेंबाथेंबाने सोडा. आता रंग गोल फिरत राहत नाहीत. लाल जिभा आत शिरतात, निळ्या जिभा बाहेर येतात आणि भोवरे पडतात. वरून मोबाइलने चित्रण करा, मोबाइल स्टँडसोबत फिरला तर आणखी स्पष्ट दिसतं.

दोन ठिकाणी हा प्रयोग फसतो. हाताने फिरवलं की झटके बसतात आणि रंग नुसता ढवळला जातो. असं झालं तर जिभा न दिसता सगळीकडे एकसारखा जांभळट रंग पसरतो. दुसरं म्हणजे घाई. पाणी पातेल्यासोबत फिरू लागायला वेळ लागतो. कागदाचा छोटा तुकडा पाण्यावर टाका, तो पातेल्याच्या तुलनेत जागच्या जागी राहिला की समजायचं पाणी तयार आहे, मगच रंग. आणि स्टँड समतल आहे की नाही ते आधी पाहा.

शेवटी हे सगळं सोलापूरच्या आभाळात दाखवा. 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत आपल्या जिल्ह्यासह महाराष्ट्रात मोठ्या भागात गारपीट झाली. द्राक्षं, डाळिंबं, ज्वारी, गहू झोपले. तुमच्या वर्गातल्या काही घरांत ती आठवण अजून निघत असेल. त्या दिवसांत वरच्या पश्चिमी वाऱ्यांचं वळण नेहमीपेक्षा खूप दक्षिणेला उतरलं होतं. उंचावर थंड हवा आली, खालून समुद्रावरची दमट हवा ओढली गेली आणि दोन्हींची गाठ आपल्या डोक्यावर पडली. उष्णतेची देवाणघेवाण करणारी वळणं एरवी उत्तर भारतावर काम करतात, त्या वर्षी ती आपल्या शिवारात आली.

सौम्य रूपात ती दर हिवाळ्यात जाणवतात. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला दोन दिवस ढगाळ, उबदार जातात आणि मग एकदम रात्री गारठा पडतो. बऱ्याचदा उत्तरेकडून एक पश्चिमी विक्षोभ पुढे सरकलेला असतो आणि त्याच्या मागच्या अंगाने थंड हवा खाली आलेली असते. जानेवारीत वर्गातल्या चार मुलांना हे काम द्या: earth.nullschool.net उघडायचं, Height मध्ये 250 निवडायचं (म्हणजे साधारण दहा किलोमीटर उंची), आणि रोज एकाच वेळी उत्तर भारतावरच्या जेटचं वळण वहीत काढायचं. शेजारी सोलापूरचं किमान तापमान लिहायचं. तीन आठवड्यांत दोन-तीन वळणं तरी सरकताना दिसतील. प्रत्येक वळणामागे आपला पारा उतरेलच असं नाही. उथळ वळण विंध्याच्या वरच विरून जातं, आणि बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचा वारा वाहत असेल तर ढगांमुळे रात्र उबदारच राहते. म्हणून वहीत वाऱ्याची दिशा आणि ढग यांचेही रकाने ठेवायला सांगा, म्हणजे ज्या दिवशी अंदाज चुकला त्या दिवशी का चुकला हे मुलांनाच शोधता येईल.